ओळ संपायच्या आधी दम का संपतो? एक स्ट्रॉ, ग्लासभर पाणी आणि दमसासाचं गणित

देवळाली कॅम्प : गेल्या महिन्यात आमच्या घरात एक छोटासा राजीनामा झाला. माझी आई इथल्या एका भजनी मंडळात पंधरा वर्षांपासून गाते. अभंग ती उचलते आणि बाकीच्या मागून म्हणतात. एका गुरुवारी घरी येऊन तिनं जाहीर केलं, "आता पुढं म्हणायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं. माझा दम पुरत नाही. ओळीचा शेवटचा शब्द गिळावा लागतो."

आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. वय झालं, असं तिनं स्वतःच निदान करून टाकलं होतं. माझं शिक्षण इंजिनीअरिंगचं, त्यामुळे माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला, "किती सेकंद कमी पडतात?" ती म्हणाली, "अरे, गाण्यात सेकंद कोण मोजतं?"

आम्ही मोजले. तिची अडचण फक्त वयाची नव्हती, हे त्यातून कळलं. तुम्ही भजन, भावगीत, नाट्यगीत किंवा कराओके, काहीही गात असाल आणि लांब ओळीत दम तुटत असेल, तर हाच हिशेब तुम्हालाही घरी करता येईल.

आधी मोजमाप : ओळ किती लांब, दम किती लांब?

अभंग भजनी ठेक्यात होता. एका आवर्तनात 8 मात्रा आणि तिची ओळ दोन आवर्तनांची, म्हणजे 16 मात्रा. मोबाइलवरच्या तबला अॅपमध्ये मंडळाची लय जुळवून पाहिली, ती मिनिटाला 80 मात्रा निघाली. एका मात्रेला पाऊण सेकंद, म्हणून 16 मात्रांना 12 सेकंद.

मग तिला सोयीच्या सुरात, मध्यम आवाजात नुसता 'आ' जमेल तितका लांबवायला सांगितलं. मध्ये विश्रांती देऊन तीन वेळा. आकडे आले 11, 12 आणि 12 सेकंद. प्रत्यक्ष ओळ गाताना मात्र ती तेराव्या मात्रेवर, म्हणजे नवव्या सेकंदाच्या सुमारास तुटत होती.

नुसत्या 'आ'ला बारा सेकंद पुरणारा दम ओळीला नऊच सेकंद का पुरतो? याची दोन कारणं आहेत. टाळ-पखवाजाच्या वर आवाज न्यायचा म्हणून ती जोर लावते, आणि जोराच्या आवाजाला हवा जास्त लागते. दुसरं कारण शब्दांमध्ये आहे. ह, ख, फ, भ, श, स या अक्षरांत हवा मोकळी सुटते, तर म, न, ण, ल यांच्यात ती फारशी वाया जात नाही. तोंडासमोर तळहात धरून 'हाक' आणि 'माळ' म्हणून पाहा, फरक हाताला जाणवेल.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. तुमचा 'आ' जितके सेकंद टिकतो, त्याच्या साधारण दोन तृतीयांश लांबीचीच शब्दांची ओळ निवांत गाता येते. त्याहून लांब ओळ असेल, तर एकतर दम लांबवावा लागेल किंवा मध्ये श्वासाची जागा शोधावी लागेल.

हवा कमी पडते की जास्त वेगानं जाते?

बहुतेकांना वाटतं, दम पुरत नाही म्हणजे छातीत हवा कमी भरली. म्हणून ते ओळीआधी खांदे उचलून छाती फुटेल इतका श्वास घेतात. दम मात्र आणखी लवकर संपतो.

टाकी आणि नळाचं उदाहरण घेऊ. पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडला तर किती हवा बाहेर येते, ते उंची, वय आणि लिंग यांवर ठरतं. प्रौढांत हा आकडा साधारण 3 ते 5 लिटर असतो आणि वयाबरोबर हळूहळू घटतो. आईची तपासणी केलेली नाही, पण तिचं वय आणि उंची पाहून अडीच लिटर धरू. 2,500 मिलिलिटर हवा 12 सेकंदांत संपली, म्हणजे सेकंदाला जवळपास 210 मिलिलिटर खर्च झाला. हाच खर्च 160 मिलिलिटरवर आणला, तर तेवढीच हवा साडेपंधरा सेकंद पुरते.

टाकी मोठी करणं आपल्या हातात फारसं नाही. नळ किती उघडायचा, ते शिकता येतं. गाण्यातला 'श्वासाचा आधार' म्हणतात तो मुख्यतः हाच, सुरापाठीमागे बेताचा आणि एकसारखा दाब टिकवणं.

फुगा का फुर्रकन सुटतो?

फुप्फुसं आणि बरगड्या लवचिक असतात. पूर्ण श्वास घेतला की त्या ताणल्या जातात आणि स्नायू सैल सोडताच मूळ जागी परतू पाहतात, फुगवलेल्या फुग्यासारख्या. पूर्ण भरलेल्या छातीतला हा परतीचा दाब साधारण 25 ते 30 सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. मृदू सुराला मात्र कंठाखाली पाच-सात सेंटीमीटर पाण्याइतकाच दाब पुरतो. खूप मोठ्या आवाजाला वीस किंवा त्याहून जास्त लागतो.

म्हणजे ओळीच्या सुरुवातीला तुमच्याकडे गरजेपेक्षा चार-पाच पट दाब असतो. तो आवरला नाही तर पहिल्या दोन-तीन शब्दांतच हवा उधळली जाते. आवरायचे मार्ग दोन. एक, गळा आवळून धरायचा. त्यानं आवाज ताठ होतो आणि थोड्या वेळानं घसा दुखतो. दुसरा, श्वास घेताना बरगड्या ज्या स्नायूंनी उघडल्या, त्यांनाच गातानाही लगेच सैल न सोडणं. हा गाडीचा ब्रेक समजा. उतारावर अॅक्सिलरेटर नको, ब्रेक हवा. पाश्चात्त्य गायनात यालाच 'आपोज्जो' म्हणतात. या इटालियन शब्दाचा अर्थ टेकणं किंवा आधार.

ओळीच्या मध्यावर परिस्थिती बदलते. छाती नेहमीच्या श्वासाच्या पातळीवर आली की परतीचा दाब शून्य होतो. तिथून पुढे हवा आपोआप बाहेर येत नाही, ढकलावी लागते. ते काम पोटाचे स्नायू करतात, म्हणून शेवटाकडे पोट हळूहळू आत जातं. उतार संपून चढ लागला, आता अॅक्सिलरेटर.

'पोटातून गा' या सल्ल्याचा अर्थही इथं लागतो. पोटात हवा जात नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, श्वास घेताना खाली सरकतो, त्यामुळे पोट पुढे येतं. हे श्वासपटल श्वास घेण्याचा स्नायू आहे. हवा बाहेर ढकलण्याचं काम त्याचं नाही.

स्ट्रॉनं दाब मोजा

हा दाब घरी दिसतो. शहाळ्यासोबत मिळतो तसा जाड स्ट्रॉ आणि एक उंच ग्लास पाणी घ्या. स्ट्रॉच्या खालच्या टोकापासून 5 आणि 10 सेंटीमीटरवर स्केचपेननं खुणा करा. स्ट्रॉ 5 सेंटीमीटरच्या खुणेपर्यंत बुडवला की बुडबुडे यायला किमान 5 सेंटीमीटर पाण्याइतका दाब लागतो. मृदू सुराला लागतो साधारण तेवढाच.

आता पूर्ण श्वास घ्या, ओठ स्ट्रॉभोवती बंद करा आणि अंग सैल सोडा. पाणी उसळेल, ग्लासाबाहेर उडेल आणि काही सेकंदांत बुडबुडे थांबतील. आईनं हे केलं तेव्हा पहिल्या तीन सेकंदांत ओटा भिजला आणि पुढचे बुडबुडे मरगळले. तिच्या ओळीचं चित्रच पाण्यात दिसलं. सुरुवातीला उधळपट्टी, शेवटी खडखडाट.

त्याआधी एक चाचणी केली होती. एका श्वासात 'स्स्स' जमेल तितका लांबवायचा, मग भुंग्यासारखा 'झ्झ्झ'. 'स' मध्ये स्वरतंतू कंप पावत नाहीत, 'झ' मध्ये पावतात. दोन्ही वेळा जवळपास सारख्या आल्या, तर स्वरतंतू नीट मिटत आहेत असा अंदाज बांधता येतो. 'स' हा 'झ'च्या दीडपट किंवा त्याहून लांब टिकला, तर हवा स्वरतंतूंमधून गळत असू शकते. मग व्यायामांआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवणं बरं. आईचे आकडे 13 आणि 12 आले. म्हणजे गळती नव्हती, ब्रेक लागत नव्हता.

रोजची दहा-बारा मिनिटं : चार व्यायाम

1. पुस्तक पोटावर (2 मिनिटं). पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बेंबीवर एक पुस्तक ठेवा. नाकानं चार आकडे मोजत श्वास घ्या. पुस्तक वर आलं पाहिजे आणि खालच्या बरगड्या बाजूला पसरल्या पाहिजेत, खांदे हलता कामा नयेत. मग उभं राहून, बरगड्यांवर दोन्ही हात ठेवून हेच करा. पूर्ण भरू नका, टाकी साधारण ऐंशी टक्के भरली की थांबा. गच्च भरलेल्या छातीचा परतीचा दाब जास्त असतो आणि तो आवरताना गळा आवळला जातो.

2. सारखे बुडबुडे (3 मिनिटं). स्ट्रॉ 5 सेंटीमीटरवर. श्वास घेतल्यावर अर्धा क्षण थांबा, बरगड्यांवरचे हात बाहेरच राहू द्या आणि बुडबुडे सोडा. पहिल्या सेकंदाचा आणि दहाव्या सेकंदाचा आवाज सारखा यायला हवा. मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तर ध्वनीच्या पट्टीवर एकसारखी जाडी दिसेल. सुरुवातीला फुगवटा दिसला, तर ब्रेक लागला नाही. शेपटी बारीक झाली, तर पोटानं काम हाती घेतलं नाही. 15 सेकंद सलग जमले की खोली 10 सेंटीमीटर करा. प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन साधे श्वास घ्या.

3. स्ट्रॉमधून सूर (2 मिनिटं). तसेच बुडबुडे सोडताना आतून 'ऊ' गा. एकच सूर, मग सा ते प आणि परत. पाण्याचा विरोध असल्यामुळे स्वरतंतूंवर आदळआपट कमी होते आणि कमी जोरात स्वच्छ सूर लागतो. बुडबुडे थांबले पण आवाज सुरू राहिला, तर हवा नाकातून जात आहे किंवा ओठ सैल आहेत. नंतर स्ट्रॉ बाजूला ठेवून लगेच तोच सूर 'आ' मध्ये लावा.

4. मात्रा मोजून सा (4 मिनिटं). तानपुरा सुरू करा आणि लय मिनिटाला 60 ठेवा, म्हणजे एक मात्रा म्हणजे एक सेकंद. मध्यम आवाजात सा 8 मात्रा धरा. आठवी मात्रा पहिलीइतकीच स्वच्छ आणि त्याच सुरात सलग तीनदा आली, तरच 10 मात्रांवर जा, मग 12, मग 16. सोळा जमल्यावर सप्तकाचा आरोह-अवरोह एका श्वासात घ्या. चढताना आठ आणि उतरताना आठ स्वर, प्रत्येकाला एक मात्रा, मिळून बरोबर 16 सेकंद.

पहाटे खर्जात लांब सूर लावायची आपली जुनी रीत या चौथ्या व्यायामाच्या जवळची आहे. खालच्या सुराला दाब कमी लागतो. थोडासा जास्त दाब झाला की सूर फाटतो किंवा हलतो, त्यामुळे चूक लगेच कानावर येते.

चुकतंय हे कसं ओळखायचं?

श्वास घेताना आवाज येत असेल, तर घसा अरुंद झाला आहे. ओळीचा पहिला शब्द 'ह' लावल्यासारखा सुरू होत असेल, तर सुरापूर्वीच हवा सुटली. ओळीच्या शेवटी सूर उतरत असेल, तर बहुतेक वेळा दोष कानाचा नसून घसरलेल्या दाबाचा असतो. मानेच्या शिरा दिसत असतील, तर ब्रेकचं काम गळा करत आहे.

चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, तर लगेच थांबा आणि साधा श्वास घ्या. लागोपाठ खोल श्वासांमुळे असं होतं. दमा, उच्च रक्तदाब, हर्निया असेल, नुकतीच पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारूनच हे व्यायाम करा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला असेल, तर त्यावर व्यायाम हा उपाय नाही. आधी घसा तपासून घ्या.

टाकीच लहान झाली तर?

देवळाली कॅम्पात 'सॅनिटोरियम' हा शब्द अनोळखी नाही. कोरड्या, स्वच्छ हवेसाठी इथं लोक राहायला येत, त्या काळाची ती खूण आहे. क्षयावर प्रभावी औषधं नव्हती तेव्हा हवापालट हाच मोठा उपचार होता. मराठी रसिकांच्या लाडक्या एका गायकाचं आयुष्यही अशाच हवापालटानं बदललं, फक्त गाव वेगळं होतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले आणि ऐन उमेदीत क्षयानं आजारी पडले. 1948 मध्ये कोरड्या हवेसाठी ते मध्य प्रदेशातल्या देवासला गेले. पुढची काही वर्षं गाणं बंद होतं. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध मिळालं, ते बरे झाले आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस मात्र जवळपास निकामी झालं होतं. त्यानंतर 1992 पर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं, ते गायले.

त्यांची ध्वनिमुद्रणं दमसासाच्या कानानं ऐका. लांबच लांब आलापांपेक्षा छोटे, टोकदार, अचानक झेपावणारे स्वरसमूह ऐकू येतात आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा असतात. ही शैली किती आजारातून आली आणि किती त्यांच्या स्वतंत्र विचारातून, यावर जाणकारांचं एकमत नाही. पण गाणाऱ्याला त्यातून एक गोष्ट घेता येते. श्वास कुठं घ्यायचा, हा गाण्याच्या रचनेचाच भाग करता येतो. तिथली शांतता मग तुटल्यासारखी वाटत नाही.

ओळीवर श्वासाची खूण

आईच्या वहीत आम्ही तेच केलं. ओळ लिहिली, तिच्यावर सोळा मात्रांचे आकडे मांडले आणि अर्थ कुठं तुटत नाही ते पाहिलं. शब्दाच्या मध्ये, किंवा नाम आणि त्याच्या विशेषणाच्या मध्ये श्वास नको. आठव्या मात्रेच्या शब्दानंतर जागा होती. तिथं पेन्सिलनं एक छोटी उभी रेघ मारली.

अशा जागी घ्यायचा तो 'चोरटा' श्वास. अर्ध्या मात्रेत, तोंडानं, आवाज न करता. त्यासाठी हवा ओढायची नसते. पोट एकदम सैल सोडलं की श्वासपटल खाली येतं आणि हवा आपोआप आत येते. ही वेळ पुढच्या शब्दातून कापायची नाही, आधीचा शब्द पाव-अर्धी मात्रा आधी सोडायचा. सरावासाठी चार मात्रा 'स्स्स', अर्ध्या मात्रेत श्वास, पुन्हा चार मात्रा, असं दहा वेळा करा.

तीन आठवड्यांनी आईचा 'आ' 15 आणि 16 सेकंदांवर आला. तीन आठवड्यांत तिच्या फुप्फुसांची क्षमता वाढली असेल, असं मला वाटत नाही. हवेचा खर्च कमी झाला. 'आ' सोळाचा असेल तर नियमानं शब्दांची ओळ साधारण दहा-अकरा सेकंदांची निवांत बसते. तिची ओळ बारा सेकंदांची आहे, म्हणजे अजून काठावरच. लय संथ झाली किंवा घसा थकलेला असला की ती पेन्सिलच्या रेघेवर श्वास चोरते. लय नेहमीची असली की रेघ ओलांडून जाते.

गेल्या गुरुवारी मंडळात पहिला अभंग तिच्या मैत्रिणीनं उचलला, दुसरा आईनं. ओट्यावरचा ग्लास आणि स्ट्रॉ अजून तिथंच आहेत. आता मैत्रीणही त्यासाठी सकाळी येते.